एका थेंबाने बदललेली ऑर्डर: इथाइल अ‍ॅसिटेटच्या प्रॅक्टिकलमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात मी टी.वाय.बी.एस्सी.ची भौतिक रसायनाची प्रॅक्टिकल्स घेते. हे प्रकरण डिसेंबरअखेरचं आहे. त्या दिवसांत सकाळची बॅच म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा असते. निफाड, दिंडोरीकडची मुलं पहिल्या एस.टी.ने येतात आणि ब्युरेट धरायच्या आधी दहा मिनिटं हात चोळत उभी राहतात.

प्रयोग नेहमीचाच होता. इथाइल अ‍ॅसिटेटचं सोडियम हायड्रॉक्साइडने साबणीकरण करायचं. दोन्ही द्रावणं ०.०२ मोलर घ्यायची, प्रत्येकी १०० मिलिलिटर एकत्र करायची आणि घड्याळ सुरू करायचं. ठरावीक वेळी मिश्रणातले १० मिलिलिटर पिपेटने काढून १० मिलिलिटर थंडगार ०.०२ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात सोडायचे. आम्ल जास्त असल्याने उरलेला अल्कली तिथल्या तिथे संपतो आणि अभिक्रिया थांबते. मग शिल्लक आम्ल त्याच सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल्फथॅलिन घालून टायट्रेट करायचं.

हिशेबासाठी आधी एक ब्लँक घेतात, म्हणजे नुसत्या १० मिलिलिटर आम्लाला किती अल्कली लागतो ते पाहतात. ब्लँकमधून रीडिंग वजा केलं की त्या क्षणी मिश्रणात उरलेला अल्कली थेट मिलिलिटरात मिळतो. त्याला आपण y म्हणू. सुरुवातीला १० मिलिलिटर मिश्रणात अल्कलीच्या बाटलीतले बरोबर ५ मिलिलिटर असतात, म्हणून y₀ = ५.०० हे न मोजताच ठाऊक असतं. वेग सांद्रतेच्या कितव्या घातावर अवलंबून आहे ती अभिक्रियेची ऑर्डर, आणि ती ठरवायला मोलॅरिटी काढायचीही गरज नसते. y सांद्रतेच्या प्रमाणात आहे, तेवढं पुरतं.

पुढचं काम आलेखांचं. वेगाचं समीकरण संकलित केलं की ऑर्डरनुसार तीन सरळ रेषा हाती येतात, ज्यांत k हा वेगस्थिरांक आणि t वेळ:

```
zero order:    y = y0 - kt
first order:   ln y = ln y0 - kt
second order:  1/y = 1/y0 + kt
```

वेळेसमोर y, ln y आणि 1/y असे तीन आलेख काढायचे आणि ज्याची रेषा सरळ येईल ती ऑर्डर, म्हणजे कोटी. पुस्तकात हे एका वाक्यात आटोपतं. आमचा गोंधळ त्याच वाक्यात होता.

अडचण काय झाली

चार जणांच्या एका गटाने ३ ते १५ मिनिटांत पाच रीडिंग घेतली. ब्लँक ११.३५ आला होता.

| वेळ (मिनिटं) | y (मिलिलिटर) | ln y | 1/y |
|---|---|---|---|
| ३ | ४.४५ | १.४९३ | ०.२२५ |
| ६ | ४.०५ | १.३९९ | ०.२४७ |
| ९ | ३.६५ | १.२९५ | ०.२७४ |
| १२ | ३.३५ | १.२०९ | ०.२९९ |
| १५ | ३.०५ | १.११५ | ०.३२८ |

एक्सेलमध्ये तिन्ही आलेख काढून त्यांनी प्रत्येक रेषेचा R² छापून घेतला. झिरो ऑर्डरला ०.९९४, फर्स्टला ०.९९९ आणि सेकंडला ०.९९८ आला. निष्कर्षात लिहिलं होतं, "सबब अभिक्रिया फर्स्ट ऑर्डरची आहे."

शेजारच्या गटाची रीडिंग जवळपास हीच होती, पण त्यांनी सेकंड ऑर्डर लिहिली होती. मी विचारल्यावर एक मुलगी प्रांजळपणे म्हणाली, "मॅडम, पुस्तकात सेकंड आहे ना." पहिल्या गटातला निफाडचा मुलगा मात्र अडून बसला. "पुस्तकात काहीही असू दे मॅडम, आमची रेषा फर्स्टची सरळ आलीय. मग आलेख काढायचेच कशाला?"

त्याचं म्हणणं मला खोडता येईना. आलेखावरून ऑर्डर ठरवायची असं आपणच शिकवतो आणि आलेख वेगळं बोलला की पुस्तक पुढे करतो.

त्या पाच बिंदूंत नेमकं काय होतं

पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्याच जर्नलमध्ये एक छोटी गोष्ट करायला सांगितली. पंधराव्या मिनिटाचं ब्युरेटचं रीडिंग ८.३० होतं. ते ८.२५ समजा, म्हणजे y ३.०५ ऐवजी ३.१० धरा. हा फरक ०.०५ मिलिलिटरचा, ब्युरेटच्या टोकाला लोंबणाऱ्या एका थेंबाएवढा. बाकी चार रीडिंगना हात लावू नका आणि R² पुन्हा काढा.

फर्स्ट ऑर्डरचा R² ०.९९७ वर उतरला आणि सेकंडचा ०.९९९ वर चढला. एका थेंबाने निकाल फिरला. गुलाबी रंग टिकला की उडाला हे ठरवण्यात एवढा फरक कुणाच्याही हातून पडतो.

याचं कारण आकड्यांत शोधलं तर लगेच सापडतं. पंधरा मिनिटांत y ५.०० वरून ३.०५ वर आला होता, म्हणजे ३९ टक्केच अल्कली खर्च झाला होता. वक्ररेषेचा छोटा तुकडा कापला तर तो सरळच दिसतो. त्या पाच बिंदूंतून काढलेली फर्स्ट ऑर्डरची रेषा पंधराव्या मिनिटाला y = ३.०४ सांगते, तर सेकंडची ३.०७. दोघींत अर्ध्या थेंबाचं अंतर. टायट्रेशनला ते दिसणं शक्य नाही, म्हणून त्यावर दिलेला निकालही टायट्रेशनचा नसतो.

R² चीही गफलत होते. y मधल्या चढउताराचा किती भाग सरळ रेषेने समजावला जातो, एवढंच तो सांगतो. बिंदू रेषेभोवती विस्कटलेत की शिस्तीत वाकलेत, हे त्याला कळत नाही. झिरो ऑर्डरलाही ०.९९४ मिळाला होता. त्या रेषेवर विश्वास ठेवला तर एक्केचाळिसाव्या मिनिटाला अल्कली संपून y शून्य व्हायला हवा. शिवाय ती t = ० ला ४.७६ वर जाऊन टेकते, जिथे ५.०० असणार हे आपल्याला आधीच माहीत आहे. ०.९९४ वाचून हे काहीच समजत नाही.

झिरो ऑर्डरला या अंत:खंडाच्या कसोटीने तिथेच बाद केलं. बाकी दोघींना मात्र ती लावता आली नाही. फर्स्टची रेषा ४.८८ वर पोचत होती आणि सेकंडची ५.०८ वर. एक खाली, एक वर, दोन्ही जवळपास सारख्याच दूर.

समोरचे पर्याय

माझ्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली सगळ्यात सोपी. "सेकंड लिहा, एक्स्टर्नल तेच विचारतात." बॅच वेळेत सुटली असती. पण मग पुढच्या वेळी मुलांनी रीडिंग घ्यायच्या आधीच उत्तर जमवलं असतं. रीडिंग जमवण्याची कला आमच्या मुलांना शिकवावी लागत नाही, म्हणून तिला आणखी खतपाणी नको होतं.

दुसरी म्हणजे त्याच वेळांत आणखी रीडिंग घेणं, तीन मिनिटांऐवजी दर मिनिटाला एक. गटाला हीच पटली होती. पण अडचण बिंदूंच्या संख्येची नव्हती. अर्ध्या थेंबाचा फरक पकडायला त्या तुकड्यात किती रीडिंग लागतील याचा हिशेब केला तर डिसेंबर संपून जानेवारी उजाडला असता.

तिसरी, सुरुवातीची सांद्रता निम्मी करून प्रयोग पुन्हा करणं आणि अर्धायुकालांची, म्हणजे y निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळांची, तुलना करणं. फर्स्ट ऑर्डरला अर्धायुकाल तोच राहतो, सेकंडला दुप्पट होतो आणि झिरोला निम्मा. पद्धत चांगली आहे, पण y आधीच पाच मिलिलिटरचा असताना तो अडीचवर आणला की थेंबाची चूक दुपटीने बोचते.

चौथी, तोच प्रयोग जास्त वेळ चालू ठेवणं. ही वाट योग्य का, ते मी पोरांकडूनच काढून घेतलं. त्यांच्याच दोन रेषा साठाव्या मिनिटापर्यंत वाढवायला सांगितल्या. फर्स्टच्या रेषेवर y = ०.७४ आला, सेकंडच्या रेषेवर १.४०. फरक ०.६६ मिलिलिटरचा, म्हणजे तेरा थेंबांचा. पंधराव्या मिनिटाला अर्धा थेंब, साठाव्याला तेरा. निफाडचा मुलगा म्हणाला, "मग आपण पंधराला थांबलो कशाला?"

खरं उत्तर असं की प्रॅक्टिकल दोन तासांचं असतं आणि जर्नलच्या छापील तक्त्यात पाचच ओळी आहेत. ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही.

काय केलं

आठवड्याने तोच गट पुन्हा बसला. द्रावणं त्याच बाटल्यांतली घेतली, फक्त इथाइल अ‍ॅसिटेटचं द्रावण त्या दिवशी ताजं बनवलं. बदल दोन केले. दोन्ही फ्लास्क मिसळण्यापूर्वी पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या टबात वीस मिनिटं ठेवले, त्यात थर्मामीटर टाकला आणि पाणी शेवटपर्यंत २१ अंशांवर राखलं. दुसरं म्हणजे रीडिंग दोन तासांपर्यंत घेतली.

तापमानाचं महत्त्व मुलांना मागच्या आकड्यांतूनच दाखवता आलं. पहिल्या वेळी 1/y च्या रेषेचा उतार ०.००८६ होता, या वेळी सुरुवातीच्या वीस मिनिटांत ०.०१११ आला. द्रावणं तीच, सांद्रता तीच, तरी वेग सव्वापटीहून जास्त. या अभिक्रियेच्या सक्रियण ऊर्जेवरून हिशेब केला तर फरक साधारण चार अंशांचा निघतो. म्हणजे पहिल्या सकाळी फ्लास्क सतरा अंशांच्या आसपास असणार. गटाने तापमान लिहिलंच नव्हतं. शिवाय खिडकीतून ऊन येऊन फ्लास्क प्रयोगाच्या मधेच तापला तर k वाढत जातो आणि सरळ रेषेलाही बाक येतो. जिथे बाकावरूनच निर्णय घ्यायचा, तिथे हे चालत नाही.

दुसऱ्या वेळची रीडिंग अशी होती:

| वेळ (मिनिटं) | y | 1/y |
|---|---|---|
| ५ | ४.०० | ०.२५० |
| १० | ३.३० | ०.३०३ |
| १५ | २.८० | ०.३५७ |
| २० | २.४० | ०.४१७ |
| ३० | १.९० | ०.५२६ |
| ४० | १.५५ | ०.६४५ |
| ६० | १.१० | ०.९०९ |
| ८० | ०.८० | १.२५ |
| १०० | ०.६५ | १.५४ |
| १२० | ०.५० | २.०० |

ln y चा आलेख आता ठळकपणे वाकला. सुरुवातीला मिनिटाला ०.०४ च्या आसपास उतरणारी रेषा शेवटी मिनिटाला जेमतेम ०.०१२ उतरत होती. फर्स्ट ऑर्डर गेली. मुलं सेकंडचं अभिनंदन करायच्या बेतात होती.

पण 1/y सुद्धा सरळ नव्हता. तो वर वाकत होता.

दुसरा पेच

इथे मला स्वतःला थांबावं लागलं. पहिला संशय शेपटीवर येतो आणि तो रास्त आहे. y जेव्हा ०.५० असतो तेव्हा एका थेंबाच्या चुकीने तो ०.४५ किंवा ०.५५ होतो आणि 1/y १.८ ते २.२ च्या दरम्यान कुठेही जातो. हीच चूक y = ४.०० ला झाली तर 1/y जेमतेम ०.००३ ने हलतो. 1/y च्या आलेखात शेवटचे बिंदू सर्वांत बेभरवशाचे असतात आणि रेषेला सर्वांत जास्त ओढतातही तेच. एक्सेल सगळ्या बिंदूंना सारखंच वजन देतं. म्हणून शेपटीचा बाक दिसला की तो खरा की थेंबाचा, हे आधी तपासावं लागतं.

तपासणी मिलिलिटरात केली. 1/y मध्ये केली तर चुकीचं माप हाती येतं. पहिल्या चार बिंदूंची रेषा पुढे वाढवली तर १२० मिनिटांना y साधारण ०.६६ यायला हवा होता, आला ०.५०. १०० ला ०.७७ ऐवजी ०.६५, ८० ला ०.९३ ऐवजी ०.८०, ६० ला १.१६ ऐवजी १.१०. एक ते तीन थेंबांचा फरक, आणि चारही वेळा एकाच बाजूला. नुसती हातचूक असती तर एखादा बिंदू वरही गेला असता. बाक खरा होता.

मग अर्धायुकाल काढले. गुळगुळीत वक्र हाताने काढून त्यावरून ५.०० चा २.५० व्हायला लागलेला वेळ वाचला, मग २.५० चा १.२५, मग १.२५ चा ०.६२५. उत्तरं आली सुमारे १९, ३२ आणि ५० मिनिटं. फर्स्ट ऑर्डरला १९, १९, १९ हवं होतं. सेकंडला १९, ३८, ७६. आमचे आकडे दोन्हींच्या मधे अडकले होते. कुणीतरी दबक्या आवाजात "दीड ऑर्डर असेल" म्हणालं. तसं करून बिंदू बसवताही आले असते, पण या अभिक्रियेत दीड यायला काही कारणच नाही.

कोडं सुटलं ते आमच्या प्रयोगशाळा सहायक मामांमुळे. ते ट्रे आवरता आवरता जर्नलकडे बघत म्हणाले, "मॅडम, ब्लँक ११.३५ कसा? आम्ल दोन पॉइंटचंच दिलंय मी." ते ०.०२ मोलरला दोन पॉइंटचं म्हणतात.

दहा मिलिलिटर ०.०२ मोलर आम्लाला दहा मिलिलिटर ०.०२ मोलर अल्कली लागायला हवा. आम्हाला ११.३५ लागला होता. दोन्ही दिवस तो आकडा जर्नलच्या पहिल्याच ओळीत होता. आम्ही त्यातून पुढची रीडिंग वजा करत राहिलो, त्याच्याकडे पाहिलं मात्र नाही.

ऑक्झॅलिक आम्लाच्या ताज्या द्रावणाने अल्कली तपासला तेव्हा त्याची मोलॅरिटी ०.०१७६ निघाली. कारण सोडियम हायड्रॉक्साइडच्या पेलेट. ५०० मिलिलिटरसाठी ०.४० ग्रॅम तोलायचं होतं. उघड्या डबीतल्या पेलेट हवेतलं पाणी ओढून ओलसर होतात, तराजूवर ०.४० दिसतं, पण त्यातला काही भाग पाण्याचा असतो. इथाइल अ‍ॅसिटेट मात्र बरोबर ०.०२ मोलर होतं.

म्हणजे दोन्ही अभिकारकं सम प्रमाणात नव्हतीच. अल्कलीच्या मिलिलिटरात मोजलं तर १० मिलिलिटर मिश्रणात अल्कली ५.०० होता आणि एस्टर, म्हणजे इथाइल अ‍ॅसिटेट, ५.६८. एस्टर ०.६८ ने जास्त. 1/y ची रेषा सरळ येते ती दोन्ही समान असतील तरच, कारण संकलन करताना आपण k × y × y असं धरतो. इथे वेग k × y × (y + ०.६८) होता. सुरुवातीला ५.०० आणि ५.६८ यांत फारसा फरक नसतो, म्हणून पहिली काही मिनिटं चाल सेकंड ऑर्डरसारखी वाटते. शेवटी y ०.५० झाला की एस्टर १.१८, म्हणजे अल्कलीच्या दुपटीहून जास्त. अल्कली आणखी घटला की एस्टर जवळपास स्थिर राहून चाल फर्स्ट ऑर्डरकडे झुकू लागते. अर्धायुकाल अधेमधे का अडकले त्याचं उत्तर हेच, आणि पहिल्या दिवशी ln y ची रेषा इतकी गोंडस का दिसली त्यालाही याचा थोडा हातभार होता.

निष्पत्ती

सांद्रता असमान असताना संकलित नियम वेगळा होतो. जास्तीचा भाग d धरला तर:

```
ln[(y + d)/y] = ln[(y0 + d)/y0] + k d t
```

d = ०.६८ घालून त्याच दहा रीडिंगचा आलेख काढला. पाचव्या मिनिटाला डावी बाजू ०.१५७, चाळिसाव्याला ०.३६४, ऐंशीला ०.६१५, एकशेवीसला ०.८५९. रेषा सरळ आली, आणि t = ० ला ती ०.१२७ च्या जवळ टेकली, जे ५.६८ भागिले ५.०० च्या ln एवढंच आहे. या वेळी अंत:खंडही कसोटीला उतरला. उतार ०.००६०. त्याला ०.६८ ने भागून मोलॅरिटीत बदललं तर k = ५.० लिटर प्रति मोल प्रति मिनिट मिळतो. या अभिक्रियेचा k २५ अंशांना साडेसहाच्या आसपास असतो, तेव्हा २१ अंशांना पाच हे पटण्यासारखं आहे.

पडताळणीसाठी तिसऱ्या दिवशी एस्टरचं द्रावणही ०.०१७६ मोलर केलं आणि दीड तास रीडिंग घेतली. आता 1/y सरळ गेला. अर्धायुकाल सुमारे २३ आणि मग ४५ मिनिटं, म्हणजे जवळपास दुप्पट.

निफाडच्या मुलाने त्याचा पहिला निष्कर्ष खोडला नाही. खाली लिहिलं, "पंधरा मिनिटांच्या रीडिंगवरून फर्स्ट की सेकंड हे ठरत नाही." मी त्याच वाक्याला सही केली. परीक्षेत तेवढं लिहून गुण मिळाले असते का, याची मला खात्री नाही.

पुन्हा केलं तर

प्रयोगाच्या आधी अल्कली प्रमाणित करण्याची दहा मिनिटं आता मी कापत नाही. ब्लँकचा आकडा फळ्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहून घेते आणि तो ९.९ ते १०.१ च्या बाहेर गेला तर द्रावण बदलते.

वेळांची आखणीही बदलली. पहिल्या अर्धायुकालात पाच रीडिंग कोंबण्याऐवजी दोन घेतो आणि उरलेली निदान तीन-चतुर्थांश अभिक्रिया होईपर्यंत पसरतो. त्यासाठी दोन तासांत भागत नाही, म्हणून गट आळीपाळीने रीडिंग घेतात आणि मधल्या वेळेत दुसरं टायट्रेशन उरकतात.

R² छापायला मी बंदी केलेली नाही. त्याऐवजी प्रत्येक बिंदूचा रेषेपासूनचा फरक मिलिलिटरात लिहायला लावते, अधिक-उणे चिन्हासकट. चिन्हं उणे, उणे, अधिक, अधिक, उणे, उणे अशी गटागटाने आली तर रेषेला बाक आहे, मग R² ०.९९९ का असेना.

एक गोष्ट मी अजूनही पूर्ण करू शकलेले नाही. समान सांद्रतेच्या प्रयोगातून एकूण ऑर्डर दोन एवढंच सिद्ध होतं. त्यातली एक अल्कलीची आणि एक एस्टरची, हे त्यातून कळत नाही. अल्कलीची दोन आणि एस्टरची शून्य असती, तरी 1/y तसाच सरळ आला असता. वेगळं काढायचं तर एस्टर मुद्दाम दहा-वीस पट घेऊन अल्कलीचा ln y सरळ येतो का पाहावं लागतं, मग एस्टर दुप्पट करून उतार दुप्पट होतो का तेही. पण एवढ्या एस्टरमध्ये अभिक्रिया मिनिटा-दोन मिनिटांत बरीचशी उरकते आणि पिपेट रिकामं व्हायलाच पंधरा सेकंद लागतात. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर ते जमेल. आमच्याकडचा एक दुरुस्तीला गेला आहे.

पेलेटची ती डबी मामांनी वेगळी काढून ठेवली आहे. बाटलीवरच्या ०.०२ वर काट मारून त्यांनी निळ्या शाईने ०.०१७६ लिहिलंय, खाली तारखेसह.